नाक मोकळं होतं की मोकळं वाटतं?

सर्दी झाली की निलगिरीचं तेल किंवा ओवा घालून वाफ घ्यायची, म्हणजे साचलेला कफ वितळतो आणि नाक उघडतं, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. मुळात सर्दीत नाक चोंदतं ते मुख्यतः कफामुळे नव्हेच. नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतींवर मऊ वळ्या असतात आणि त्यांच्यात रक्त साठवणाऱ्या बारीक शिरांचं जाळं असतं. विषाणूशी झुंज सुरू झाली की या शिरा रक्ताने फुगतात, वळ्या सुजतात आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणूनच कितीही शिंकरलं तरी नाक चोंदलेलंच राहतं. वाफेने ही सूज उतरत नाही.

तरीही वाफ घेतल्यावर मोकळं वाटतं, हे खरं आहे. ते का, हा मला या विषयातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो.

नाकातून हवा किती जाते आहे, हे मेंदूला थेट कळत नाही. तो ते थंडाव्यावरून ओळखतो. श्वास आत घेताना हवेमुळे नाकातलं अस्तर किंचित गार होतं आणि तिथल्या चेतातंतूंच्या टोकांवरची टीआरपीएम-8 नावाची प्रथिनं ते टिपतात. ही प्रथिनं म्हणजे पेशीच्या आवरणातली छोटी दारं. तापमान साधारण 25 अंशांच्या खाली गेलं की ती उघडतात, आयन आत शिरतात आणि मेंदूकडे ‘गार’ असा संदेश जातो. मेंदू त्याचा अर्थ ‘हवा येते आहे’ असा लावतो. 2002 मध्ये या प्रथिनाचा छडा लागला. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशा प्रथिनांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.

आता पुदिन्यातला मेंथॉल या प्रथिनाला चिकटतो आणि दार उघडण्याचं तापमानच वर सरकवतो. मग गरम नसलेली पण गारही नसलेली हवा गार लागू लागते. निलगिरीच्या तेलातलं सिनिओल हेच काम करतं, फक्त जरा कमी जोराने. ओव्यातला थायमॉल मुख्यतः दुसऱ्याच प्रथिनांना डिवचतो, त्यामुळे त्याचा अनुभव गारव्यापेक्षा झिणझिण्यांचा असतो. मेंथॉल हुंगल्यावर नाकातला हवेचा रोध यंत्राने मोजला, तेव्हा तो जवळजवळ होता तेवढाच भरला. माणसं मात्र ‘आता छान श्वास येतोय’ म्हणत होती.

म्हणजे आपण विकत घेतो आहोत ती एक भावना. प्रौढाने ती जपून घेतली तर माझी हरकत नाही. बरं वाटणं हेही काही कमी नाही. मात्र 2020 मध्ये ‘वाफेने करोनाचा विषाणू मरतो’ असे संदेश फिरले, तो निव्वळ खुळचटपणा होता. विषाणू मारण्याइतकी गरम वाफ नाकाचं अस्तरही भाजून काढेल. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वाफ घेताना भाजलेल्या मुलांची संख्या एकदम वाढल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं.

मुलं भाजतात ती बहुतेक वेळा वाफेने नाही, सांडलेल्या पाण्याने. चार वर्षांचं मूल समजा. समोर पातेल्यात लिटरभर उकळतं पाणी, डोक्यावरून टॉवेल. आत अंधार, नाकाला झोंबतं, मूल मागे सरकतं आणि टॉवेलच्या टोकाबरोबर पातेलं ओढलं जातं. पाणी मांडीवर, पोटावर, जननेंद्रियांवर येतं. गॅस बंद करून पाच मिनिटं झाली असली, तरी ते पाणी सहसा 70 अंशांच्या खाली आलेलं नसतं. 60 अंशांचं पाणीही प्रौढ त्वचेला सुमारे 5 सेकंदांत खोलवर भाजतं. मुलाची त्वचा पातळ असते, त्यामुळे त्याला त्याहून कमी वेळ पुरतो. त्यात भिजलेले कपडे ते पाणी अंगाला धरून ठेवतात. सोबत कोणी मोठं बसलेलं असलं तरी हे घडतं, कारण सगळं एका क्षणात होतं.

असं झालंच तर कपडे लगेच काढा (चिकटलेले ओढू नका) आणि भाजलेला भाग 20 मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. त्या वेळात बाकीचं अंग पांघरुणाने उबदार ठेवा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. मग डॉक्टरांकडे जा.

मुलाचं नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब पुरतात. निलगिरीच्या तेलाची बाटली मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका: चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर तेल पोटात गेलं तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात किंवा शुद्ध हरपू शकते. मुलाने ते प्यायलं तर त्याला ओकायला न लावता थेट रुग्णालय गाठा आणि बाटली सोबत न्या.