रिग्रेशनची हँडओव्हर नोट: १५३ ओळींचा हिशोब

स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालली, कुठेही अडली नाही, आणि तरी आकडा वेगळा आला. विश्लेषण दुसऱ्याच्या हाती सोपवताना सगळ्यात जास्त दिवस खाणारा प्रसंग हाच. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली असती तर निदान कुठल्या ओळीवर पडली ते कळलं असतं. इथे अहवालात एक सहगुणक छापलेला आहे, सहकाऱ्याच्या पडद्यावर दुसराच आहे, आणि वाट नेमकी कुठे फुटली याचा काहीच माग नाही. हँडओव्हर नोट लिहायची ती हा माग राहावा म्हणून.

उदाहरणाला सगळ्यांना तपासून पाहता येईल अशी सामग्री घेऊ. आर या संगणकभाषेसोबत `airquality` नावाचा एक तक्ता आपोआप मिळतो. न्यूयॉर्कमध्ये १९७३ च्या मे ते सप्टेंबरमधल्या १५३ दिवसांच्या नोंदी त्यात आहेत: हवेतला ओझोन, सूर्यप्रकाशाची तीव्रता, वाऱ्याचा वेग आणि दिवसाचं कमाल तापमान. प्रश्न असा, की ओझोनचं प्रमाण बाकीच्या तीन गोष्टींवरून कितपत सांगता येतं? रिग्रेशन, म्हणजे पाठ्यपुस्तकातलं समाश्रयण, प्रत्येक गोष्टीला एक सहगुणक देतं. बाकीच्या दोन गोष्टी तशाच राहिल्या आणि तापमान एक अंशाने चढलं, तर ओझोन सरासरी किती वाढलेला दिसतो, हे तापमानाचा सहगुणक सांगतो.

```r
d <- airquality
nrow(d)      # 153
m <- lm(Ozone ~ Solar.R + Wind + Temp, data = d)
nobs(m)      # 111
coef(m)["Temp"]   # 1.652
```

१५३ ओळी आत गेल्या आणि हिशोबात १११ च धरल्या गेल्या. ओझोनची नोंद ३७ दिवस नाही, सूर्यप्रकाशाची ७ दिवस नाही आणि यातले २ दिवस दोन्हींत सामाईक आहेत. म्हणून ४२ ओळी गळल्या. रिग्रेशन बसवणारं `lm` हे काम मुकाट्याने करतं: सूत्रातल्या कुठल्याही रकान्यात जागा रिकामी असली की ती अख्खी ओळ बाजूला पडते. `summary(m)` मागितला तर तळाशी बारीकशी सूचना दिसते, पण सहगुणक थेट फाइलमध्ये लिहिणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ती कुणाच्याच नजरेला पडत नाही.

नोटमध्ये पहिली जागा मी या ओळींच्या संख्येला देतो, कारण तिच्यावरून निष्कर्षही बदलतो. समजा अहवालात असं वाक्य आहे: ‘सूर्यप्रकाश जोडल्यावर मॉडेल सुधारलं.’ फक्त वारा आणि तापमान घेतलेल्या मॉडेलचा आर-स्क्वेअर ०.५६८७ येतो. आर-स्क्वेअर म्हणजे ओझोनच्या चढउतारांपैकी मॉडेलने उलगडलेला वाटा. सूर्यप्रकाश जोडल्यावर तो ०.६०५९ होतो. वाढ ०.०३७२. पण ही दोन मॉडेलं एकाच सामग्रीवर बसवलेलीच नाहीत. पहिल्याला सूर्यप्रकाशाचा रकाना लागत नाही, म्हणून त्याच्याकडे ११६ दिवस आहेत. दुसऱ्याकडे १११. लहान मॉडेलही त्याच १११ दिवसांवर बसवलं, तर त्याचा आर-स्क्वेअर ०.५८१४ येतो. म्हणजे सूर्यप्रकाशाने खरोखर दिलेली वाढ ०.०२४५ एवढीच. उरलेला सुमारे एक तृतीयांश भाग पाच दिवस गळाल्यामुळे आला.

सहकारी इथेच अडकते. ती शहाणपणाने आधी रिकाम्या ओळी काढून टाकते, मग दोन्ही मॉडेलं बसवते, आणि तिला ०.५६८७ कुठेच सापडत नाही. तिची पद्धत बरोबर आहे, अहवालातली तुलना कच्ची आहे, आणि तरीही चूक आपलीच असणार या समजुतीने ती दोन दिवस शोधत राहते. `anova` वापरून तुलना केली असती तर आरने दोन्ही मॉडेलं एकाच आकाराच्या सामग्रीवर नाहीत असं सांगून काम नाकारलं असतं. नुसते दोन आर-स्क्वेअर शेजारीशेजारी लिहिले की हा पहारा राहत नाही.

म्हणून नोटमध्ये ‘रिकाम्या नोंदी वगळल्या’ एवढं लिहून भागत नाही. कुठल्या पायरीनंतर किती ओळी उरल्या, हे मॉडेलगणिक लिहायचं: कच्च्या तक्त्यात १५३, वारा-तापमान मॉडेलला ११६, तिन्हींच्या मॉडेलला १११. आणि तीच संख्या स्क्रिप्टमध्येही पहारेकऱ्यासारखी उभी करायची.

```r
stopifnot(nobs(m) == 111)
```

संख्या जुळली नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. मूळ फाइलमध्ये उद्या कुणी चार ओळी भरल्या, तर सहकाऱ्याला ते निकाल बिघडल्यावर कळण्याऐवजी त्या ओळीवरच कळतं.

ओळी गळण्याचा दुसरा प्रकार आपल्या हातून होतो. या तक्त्यात २५ ऑगस्टला ओझोन १६८ आहे, सगळ्या नोंदींत सर्वाधिक. समजा तुम्ही विचारपूर्वक ठरवलंत की हा दिवस वगळूनही एकदा निकाल पाहायचा. तो तक्त्यातल्या ११७ व्या ओळीत आहे, म्हणून `d[-117, ]` असं लिहिलंत. काम झालं. पुढे सहकारी रिकाम्या ओळी काढण्याची पायरी या ओळीच्या वर सरकवते. आता तक्ता १११ ओळींचा आहे, त्यात ११७ वी ओळच नाही. नसलेली ओळ वगळायला सांगितली म्हणून आर तक्रार करत नाही. तो काहीही वगळत नाही आणि पुढे जातो. नोटमध्ये ‘एक टोकाचा दिवस वगळला’ असं लिहिलेलं असतं, आणि तो दिवस हिशोबात बसलेला असतो.

```r
d2 <- subset(d, !(Month == 8 & Day == 25))
```

ओळ तारखेने ओळखायची, क्रमांकाने नाही. नोटमध्ये तारखेसोबत कारणही हवं. ‘मोजमाप संशयास्पद होतं’ हे एक कारण झालं, ‘मॉडेल एका दिवसावर किती झुकतं ते पाहायचं होतं’ हे वेगळं. पहिल्या कारणाने दिवस मुख्य निकालातून जातो, दुसऱ्याने तो फक्त पुरवणी तक्त्यातून जातो. कारण लिहिलेलं नसेल तर सहकाऱ्याने काय करावं?

यादृच्छिकतेचा भाग वेगळा त्रास देतो. सहगुणक किती डगमगतो हे पाहायला पुष्कळदा बूटस्ट्रॅप करतात: त्याच १११ दिवसांतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढल्यासारखे दिवस उचलायचे आणि दर वेळी मॉडेल बसवायचं. चिठ्ठ्या दर वेळी त्याच निघाव्यात म्हणून सुरुवातीला `set.seed(123)` लिहून चिठ्ठ्यांचा क्रम ठरवणारा एक आकडा, म्हणजे बीज, देतात, आणि बहुतेकांना वाटतं की काम संपलं. पण आरच्या ३.६.० या २०१९ मधल्या आवृत्तीत `sample` ची मूळ पद्धत बदलली, कारण जुन्या पद्धतीत फार मोठ्या संख्यांमधून निवडताना सूक्ष्म पक्षपात होत होता. `set.seed(123)` नंतर `sample(1:10)` चालवलं, तर जुन्या आवृत्तीत ३, ८, ४, ७ अशी सुरुवात होते आणि नव्या आवृत्तीत ३, १०, २, ८. पहिला आकडा तोच, पुढची वाट वेगळी. बीज सारखं असूनही विश्वासमर्यादा तिसऱ्या अंकात हलतात त्या अशा. म्हणून बीजासोबत आरची आवृत्ती आणि पॅकेजच्या आवृत्त्या लिहायच्या. `sessionInfo()` चं पूर्ण उत्तर नोटला जोडलं की पुरतं. आणखी एक, बीज फाइलच्या माथ्यावर एकदाच ठेवू नये. मध्ये कुणी चिठ्ठ्या काढणारी एक ओळ घातली की तिच्याखालचं सगळं सरकतं. प्रत्येक बूटस्ट्रॅपच्या अगदी वर त्याचं बीज असावं.

एवढं करूनही आकडे जुळले नाहीत, तर फरकाची जातच कारण सांगते. नोटच्या शेवटी हे लिहून ठेवलेलं मला फार उपयोगी वाटतं.

ओळींची संख्या वेगळी असेल तर पुढचं काही पाहूच नये, आधी ओळी शोधाव्यात. संख्या जुळते, आर-स्क्वेअर जुळतो, पण एकच सहगुणक वेगळा आहे, असं दिसलं तर एककावर संशय घ्यावा. इथे तापमान फॅरनहाइटमध्ये आहे. सहकाऱ्याने सवयीने ते सेल्सिअसमध्ये केलं, तर १.६५२ चा १.८ पटीने २.९७४ होतो. स्थिरांकही बदलतो, पण वारा, सूर्यप्रकाश आणि आर-स्क्वेअर जागचे हलत नाहीत. दोन सहगुणकांचा भागाकार १.८ आला की शोध संपला. म्हणून प्रत्येक रकान्याचं एकक नोटमध्ये हवंच: ओझोन अब्जांशात, वारा ताशी मैलांत, सूर्यप्रकाश लँगलीत.

सगळे सहगुणक जुळतात आणि फक्त प्रमाण त्रुटी, म्हणजे प्रत्येक सहगुणक किती डगमगू शकतो याचे अंदाज, वेगळ्या आहेत, अशी वेळ आली तर त्रुटी काढण्याचं सूत्र वेगळं आहे. विखुरणी सगळीकडे सारखी नसताना वापरायच्या ‘रोबस्ट’ त्रुटींचे अनेक प्रकार आहेत. आरच्या `sandwich` पॅकेजमधलं `vcovHC` काही न सांगता `HC3` घेतं, तर स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये साध्या रिग्रेशनला `robust` म्हटलं की `HC1` मिळतं. दोन्ही बरोबर, पण आकडे वेगळे. ‘रोबस्ट त्रुटी वापरल्या’ हे वाक्य त्यामुळे अपुरं आहे, प्रकाराचं नाव लिहावं. आणि फरक दहाव्या-बाराव्या दशांश स्थळी असेल तर तो दोन यंत्रांच्या गणिताच्या ग्रंथालयांचा आहे. तो सोडून द्यावा. ‘सहा दशांश स्थळांपर्यंत जुळलं की जुळलं’ हेही नोटमध्ये लिहून ठेवावं, म्हणजे समोरचा नसत्या फरकामागे लागणार नाही.

नोट पुरी झाली की नाही, हे स्वतःच्या उघड्या सत्रात कळत नाही. तिथे गेल्या आठवड्यात हाताने तयार केलेली एखादी `d2` अजून स्मृतीत असते आणि स्क्रिप्ट तिच्यावर चालून जाते. टर्मिनलमधून रिकाम्या सत्रात ती चालवावी:

```
Rscript --vanilla analysis.R
```

इथे ‘object 'd2' not found’ असा संदेश आला, तर ती वस्तू बनवणारी ओळ फाइलमध्ये कधी लिहिलीच नव्हती. त्यानंतर सहकाऱ्याला फक्त फोल्डर आणि नोट द्यावी आणि तिच्या यंत्रावर ती चालवत असताना आपण शेजारी बसावं, पण गप्प. ती ज्या ओळीवर थांबून विचारेल, ‘हे ११६ कुठून आले?’, तिथलं उत्तर तोंडी देऊ नये. नोट उघडून त्या जागी लिहावं, आणि तिला पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवू द्यावं.