गाळा भाड्याने देणे (महाराष्ट्र)

बिल्डिंगच्या तळमजल्यावरचं रिकामं दुकान, बंद गॅरेज किंवा सामान ठेवायची छोटी खोली ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्याला धंद्याकरता वापरायला देणं म्हणजे गाळा भाड्याने देणं. महाराष्ट्रात हा व्यवहार बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने होतो. बोलताना सगळे त्याला भाडेकरारच म्हणतात, पण कायद्याने तो भाडेपट्टा नसतो. भाडेपट्ट्यात जागेत हक्क तयार होतो, लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते, ताबा कायद्याने मालकाकडेच राहतो (भारतीय सुविधाधिकार कायदा 1882, कलम 52). कागदावर नुसतं 'लायसन्स' लिहून भागत नाही, कोर्ट व्यवहार प्रत्यक्षात कसा आहे ते बघतं, हे सुप्रीम कोर्टाने 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या निकालात सांगितलंय.

मालक लोक या फरकाला एवढे का घाबरतात त्याला इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 ला ज्यांचं लायसन्स चालू होतं ते सगळे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. 'जागा दिली की गेली' हे वाक्य जुन्या घरांमध्ये अजून ऐकू येतं ते त्या अनुभवातून, आणि कित्येक गाळे वर्षानुवर्षं शटर पाडून ठेवले जातात त्यामागे हीच भीती असते. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे (31 मार्च 2000 पासून) आणि परिस्थिती बरीच सुधारलीये, पण गाळ्यासाठी नाही, फ्लॅटसाठी. हा मुद्दा एजंटही सहसा सांगत नाहीत.

फ्लॅट आणि गाळ्यातला फरक

राहायला दिलेल्या जागेची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही तर 1999 च्या कायद्याचं कलम 24 मालकाच्या मदतीला येतं. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, समोरच्याला बाजू मांडायलासुद्धा आधी परवानगी मागावी लागते, करारात लिहिलेली गोष्ट निर्णायक पुरावा धरतात आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. पण हे कलम फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकान, गोडाऊन, ऑफिस, क्लासची खोली यांना ते लागू होत नाही. तिथे मालकाला लघुवाद न्यायालयात नेहमीसारखा दावा लावावा लागतो, समन्स, लेखी जबाब, साक्षीपुरावे, उलटतपासणी, मग अपील, आणि यात वर्षं जातात.

म्हणून गाळ्याच्या बाबतीत करार, डिपॉझिट आणि भाडेकरूची चौकशी या तिन्ही गोष्टी फ्लॅटपेक्षा कडक लागतात. कोर्टात जायची वेळच येऊ नये यासाठी त्या असतात.

जागा नेमकी काय आहे

आधी मंजूर नकाशा किंवा खरेदीखत काढून जागेचा वापर काय लिहिलाय ते बघायचं. 'दुकान' लिहिलं असेल तर प्रश्न नाही. 'पार्किंग' असेल तर ती भिंत आणि शटर लावून दुकान म्हणून देता येत नाही. बिल्डिंगखालची स्टिल्ट पार्किंगची जागा ही सामाईक जागा आहे, बिल्डर ती गॅरेज म्हणून वेगळी विकू शकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात ठरवलं. रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच अशी आहे की वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती हव्यात, आणि वापर वाहन लावायचा. म्हणजे खरंखुरं गॅरेज नावावर असलं तरी तिथे टेलरिंगचं दुकान किंवा कुरिअरचं गोडाऊन टाकायचं तर महापालिकेकडून वापर बदलून घ्यावा लागतो, नाहीतर सोसायटीतल्या एका माणसाच्या तक्रारीवर नोटीस येते, आणि ती भाडेकरूला नाही, मालकाला येते.

विजेच्या मीटरचंही तसंच. गाळ्याला घरगुती मीटर असेल आणि आत धंदा चालू असेल तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि मीटर मालकाच्या नावावर असतो. त्यामुळे व्यापारी मीटर आधी करून घ्या, भाडेकरू आल्यावर 'तो बघेल' असं करू नका.

करार

देशभर 11 महिन्यांचा करार करायची पद्धत पडली कारण नोंदणी कायदा 1908 प्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. महाराष्ट्रात ही पळवाट चालत नाही. 1999 च्या कायद्याचं कलम 55 म्हणतं की लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण खरा फटका वेगळाच आहे, अटींवरून वाद झाला तर भाडेकरू जे सांगेल ते खरं धरून चालतात, खोटं असेल तर ते सिद्ध करायची पाळी मालकावर. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर केलेली नोटरी म्हणजे नोंदणी नाही. लोक अजूनही गाळ्यासाठी नोटरीवर थांबतात आणि हजार-दोन हजार वाचवल्याचं समाधान मानतात, ही फार महागात पडणारी बचत आहे.

खर्च किती येतो ते एका उदाहरणाने बघू. समजा 180 चौरस फुटांचा गाळा 36 महिन्यांसाठी दिला, पहिल्या वर्षी महिना 18,000, दरवर्षी 5 टक्के वाढ, परत करायचं डिपॉझिट 1,00,000. पहिल्या वर्षाचं भाडं 2,16,000, दुसऱ्याचं 2,26,800, तिसऱ्याचं 2,38,140, एकूण 6,80,940. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, तीन वर्षांचे 30,000. बेरीज 7,10,940 आणि त्याच्या 0.25 टक्के म्हणजे साधारण 1,800 रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. एजंटची फी वेगळी. मुद्रांक शुल्काचा हा दर 60 महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो, एजंट मशीन घेऊन घरी येतो.

करारात कुठल्या धंद्यासाठी जागा दिली ते नेमक्या शब्दांत लिहावं. 'व्यापारी वापर' एवढंच लिहिलं की मोबाईल दुरुस्तीसाठी आलेला माणूस सहा महिन्यांनी वडापावची भट्टी लावतो आणि वरच्या मजल्यावरचे लोक मालकाच्या दारात येतात. पोटभाडेकरू ठेवता येणार नाही, पोटमाळा किंवा पक्कं बांधकाम करता येणार नाही, मालकाला आगाऊ सांगून आत येऊन जागा बघता येईल, लॉक-इन म्हणजे मध्येच करार सोडता न येण्याचा काळ किती, नोटीस किती, मुदतीनंतर राहिल्यास रोजचे किती पैसे, हे सगळं आकड्यांत हवं. आपोआप नूतनीकरणाची अट घालू नये. मुदत संपल्यावर नवीन करार न करता नुसतं भाडं घेत राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, कारण मग मालकाने मुदत वाढवली असं म्हणायला भाडेकरूला जागा मिळते.

भाडेकरू जीएसटी नोंदणी असलेला आणि मालक नोंदणी नसलेला असेल तर 10 ऑक्टोबर 2024 पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरचा 18 टक्के कर भाडेकरूने स्वतः भरायचा असतो (जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या भाडेकरूंना यात सूट आहे). वरच्या उदाहरणात ते महिन्याला 3,240 होतात. भाड्याच्या बोलणीतच हे स्पष्ट करावं.

डिपॉझिट

केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहण्याव्यतिरिक्तच्या जागेसाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांचं डिपॉझिट सुचवलंय, पण तो नमुना आहे. बाजारात आकडा एरियाप्रमाणे आणि ओळखीप्रमाणे ठरतो.

हिशोब उलट्या बाजूने करावा. भाडं थकायला लागल्यावर मालक साधारण दोन महिने 'देतो देतो' ऐकत थांबतो, मग एक महिन्याची नोटीस, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या गाळ्याचे तीन महिन्यांचे 54,000 गेले. थकलेलं लाईट बिल, मेंटेनन्स, तुटलेलं शटर, रंग यांचे वीसेक हजार धरले तरी 1,00,000 मधले पंचवीस-तीस हजार हातात राहतात. म्हणजे माणूस नोटिशीनंतर निघाला तर पाच-सहा महिन्यांचं डिपॉझिट पुरतं, तो अडून बसला तर कुठलंच पुरत नाही. डिपॉझिट बँकेतूनच घ्या आणि करारात तेवढंच लिहा, अर्धे कॅश घेतले की पुढे दोघांनाही काही सिद्ध करता येत नाही.

भाडेकरूची चौकशी

पोलीस व्हेरिफिकेशन करायचंच, ते ऑनलाइन होतं, पण त्यातून धंद्याची पत कळत नाही. त्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे माणसाच्या आधीच्या दुकानाला स्वतः जाऊन यायचं, शेजारच्या गाळेवाल्याला आणि जुन्या मालकाला विचारायचं की का सोडलं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागा, जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नोंदणी चालू आहे का आणि रिटर्न भरली आहेत का ते बघा.

एका प्रकाराबद्दल मात्र खास सावध राहायला हवं. भाडं कमी करून मागत नाही, जागा नीट बघतही नाही, पण नोंदणीकृत करार, लाईट बिलाची प्रत आणि मालकाचं संमतीपत्र दोन दिवसांत हवं असतं. नंतर शटर कधी उघडत नाही, माल येत नाही. अशा पत्त्यांवर बोगस जीएसटी फर्म काढून खोटी बिलं फिरवली जातात, आणि चौकशी आली की अधिकारी आधी त्या पत्त्यावर, म्हणजे मालकाकडे येतात. पहिल्या महिन्यातच दोन-तीनदा सहज चक्कर मारली तर हे लगेच लक्षात येतं.

गोडाऊनसाठी देताना आत काय ठेवणार ते लेखी घ्या. थिनर, गॅस सिलिंडर, फटाके हे राहत्या बिल्डिंगखाली नकोच, वर लोक झोपलेले असतात.

ताबा देताना आणि परत घेताना

किल्ली देताना मीटर रीडिंग, शटर, वायरिंग, भिंती यांचे फोटो काढून दोघांच्या सह्यांची यादी करावी. भाडेकरू निघत नसेल तर कुलूप तोडून सामान बाहेर काढू नये, कितीही राग आला तरी. असं केलं तर तो विनिर्दिष्ट अनुतोष कायदा 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्यात मालकी कोणाची हे कोर्ट बघतच नाही.

निघताना डिपॉझिटचा चेक देण्याआधी शेवटचं लाईट बिल भरल्याची पावती, आणि जीएसटी नोंदणी व शॉप ॲक्टमधला पत्ता बदलल्याचा किंवा नोंदणी रद्द केल्याचा कागद घ्यावा. तो पत्ता तसाच राहिला तर पुढच्या भाडेकरूला त्याच गाळ्यावर नोंदणी घेताना अडतं, आणि जुना माणूस तोपर्यंत फोन उचलायचा बंद झालेला असतो.