‘रॅम मोकळी’ या शब्दाचा घोळ : बूस्टर ॲपची पार्श्वभूमी

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत ‘गेम हँग मारतोय’ ही तक्रार हमखास येते. त्यावर बऱ्याचदा रॅम मोकळी करून फोन वेगवान करण्याचा दावा करणारा बूस्टर टाकून दिला जातो. बटण दाबलं की ८२ टक्के भरलेली रॅम ६० वर येते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

ही सवय जुनी आहे. २००८ च्या पहिल्या अँड्रॉइड फोनला १९२ एमबी रॅम होती, तेव्हा चालू ॲप बंद करणारे ‘टास्क किलर’ जोरात चालायचे. खरं तर जागा कमी पडली की बिनकामाचं ॲप बंद करायची सोय यंत्रणेत तेव्हाही होती. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ ने दुसऱ्यांची ॲप सक्तीने बंद करण्याची वाट आवळली आणि बूस्टरच्या हाती `killBackgroundProcesses` एवढंच उरलं. ही आज्ञा मागे पडलेलं ॲप मेमरीतून काढते. यंत्रणा स्वतः करते तेच हे काम, आणि गरज पडली की यंत्रणाच ते ॲप परत उभं करते.

घोळ ‘कॅशे’ या शब्दाने घातला. सेटिंग्जमधला ‘कॅशे साफ करा’ स्टोरेजमधल्या फायली पुसतो. बूस्टर मात्र रॅममधली ‘कॅश्ड’ ॲप उडवतो. ती पुन्हा लगेच उघडावीत म्हणूनच ठेवलेली असतात, बहुतेक वेळा प्रोसेसर वापरत नाहीत. ती उडवली की पुढच्या वेळी सगळं स्टोरेजमधून वाचून नव्याने उभारावं लागतं, आणि बॅटरी तिथे जाते. रिकामी रॅम वेग देत नाही, पण टक्क्यांचं चक्र दाखवायला छान दिसतं!

२०२० च्या जूनमध्ये भारतात बंदी आलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये सफाईचीही होती, पण कारण सुरक्षेचं होतं. या धंद्याला खरी खीळ २०२३ च्या अँड्रॉइड १४ ने घातली. तिथून पुढे `killBackgroundProcesses` ही आज्ञा फक्त स्वतःच्याच ॲपवर चालते. म्हणून काही बूस्टर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागून तुमच्या वतीने ‘फोर्स स्टॉप’ दाबतात. ही परवानगी दिली की स्क्रीनवरचा मजकूरही त्यांना वाचता येतो. एवढी किंमत कशासाठी मोजायची?

कंपनीने फोनमध्येच दिलेला गेम मोड वेगळा. तो नोटिफिकेशन अडवतो, काही फोनवर प्रोसेसरचा वेगही बदलतो. रूट न केलेल्या, म्हणजे यंत्रणेचा पूर्ण ताबा न घेतलेल्या फोनवर बाहेरच्या ॲपला हा वेग बदलता येत नाही. एखादं बिघडलेलं ॲप मागे सतत राबत असेल, तर मात्र ते हाताने बंद केल्याने फरक पडतो.

ताडून पाहायचं तर गेममधून बाहेर या, लगेच परत जा. मग बूस्टर दाबून तेच करा आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा. गेम नव्याने सुरू झाला, तर बूस्टरने तोच उडवला. आणि गेम पंधरा-वीस मिनिटांनी अडखळत असेल, फोनची पाठ तापलेली असेल, तर प्रोसेसर उष्णतेमुळे स्वतःला आवरतोय. कव्हर काढा, चार्जिंग थांबवा, पंख्याखाली बसा. तेवढ्याने सुधारला तर रॅमचा संबंधच नव्हता.