नळाला मोटार लावायची का? समतोल शोधायला लावणारे प्रश्न

गेम थिअरीच्या तासाला कैद्यांचा पेच शिकवला की विद्यार्थी ‘दोघेही कबुली देतात’ हे उत्तर पाठ करतात. हा पेच 1950 साली मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी मांडला आणि अल्बर्ट टकर यांनी त्याला कैद्यांची गोष्ट जोडली. गोष्ट इतकी प्रसिद्ध आहे की परीक्षेत तीच विचारली तर समज तपासली जात नाही, फक्त आठवण तपासली जाते. म्हणून उदाहरण नवं हवं, आणि आकडे असे हवेत की एक आकडा बदलला तर उत्तरही बदलावं. नळाला थेट मोटार जोडण्याचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे.

सविता आणि रझिया शेजारी राहतात. दोघींच्या नळजोडण्या एकाच पाइपावर आहेत. पाणी येतं तेवढ्या वेळात त्या पाइपातून दोघींना मिळून 1000 लिटर मिळतं. कुणीच मोटार लावली नाही तर प्रत्येकीला 500. एकटीनेच लावली तर ती 800 लिटर ओढते आणि दुसरीला 200 उरतं. दोघींनी लावली तर ओढ सारखीच, म्हणून पुन्हा 500-500. मोटारीची वीज आणि झीज मिळून रोजचा खर्च 50 लिटर पाण्याच्या किमतीइतका धरू, आणि तो वजा करू. पहिला आकडा सविताचा, दुसरा रझियाचा.

| | रझिया: मोटार नाही | रझिया: मोटार |
|---|---|---|
| सविता: मोटार नाही | 500, 500 | 200, 750 |
| सविता: मोटार | 750, 200 | 450, 450 |

प्रश्न 1. दोघी एकदाच आणि एकमेकींना न विचारता ठरवतात. समतोल कोणता?

सविताचं उत्तर शोधताना रझियाची चाल एका जागी धरून ठेवायची. रझियाने मोटार लावली नाही असं धरा: सविताला 500 की 750? 750. त्याखाली रेघ मारा. आता रझियाने लावली असं धरा: 200 की 450? 450 खाली रेघ. मग सविताची चाल धरून रझियाच्या आकड्यांचं तसंच करा. ज्या चौकटीत दोन्ही आकड्यांखाली रेघ येते ती समतोलाची. इथे ती एकच: दोघीही मोटार लावतात. एकटीने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही, हीच नॅश समतोलाची अट. दोघींना 450 मिळतात, आणि दोघींनाही 500 देणारी चौकट बाजूलाच पडून राहते.

चुका ठरलेल्या असतात. सर्वांत मोठी म्हणजे 500, 500 मध्ये बेरीज जास्त म्हणून तोच समतोल म्हणणं. दुसरी, तिरकी तुलना: ‘दोघींनी लावली तर 450, दोघींनी नाही लावली तर 500, म्हणून सविता लावणार नाही.’ या तुलनेत दोघींच्या चाली एकदम बदलल्या, आणि सविताच्या हातात तर फक्त तिचीच चाल आहे. तिसरी चूक लिहिण्यातली. समतोल म्हणजे चालींची जोडी, (मोटार, मोटार). 450, 450 हा त्यातून आलेला मोबदला. फक्त आकडे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देऊ नयेत.

रेघा मारून झाल्यावर एक गोष्ट मुद्दाम विचारावी: मोटारीचा फायदा दोन्ही वेळा सारखाच का निघाला? 750 वजा 500 म्हणजे 250, आणि 450 वजा 200 म्हणजेही 250. कारण पाण्याची बेरीज 1000 वरच राहते. एकटीची मोटार शेजारणीच्या वाट्यातून 300 लिटर खेचते. शेजारणीची मोटार सुरू असेल तर आपली मोटार तेच 300 परत आणते. दोन्ही वेळा खर्च 50. मोटार पाणी तयार करत नाही, ते फक्त इकडचं तिकडे करते.

प्रश्न 2. दोन्ही मोटारी एकदम चालल्या की पाइपातला दाब इतका पडतो की गळक्या सांध्यांतून बाहेरचं घाण पाणी आत येतं. वापरण्याजोगं पाणी कमी पडून प्रत्येकीचा मोबदला 450 ऐवजी 150 होतो. आता समतोल कोणते?

बदल एकाच चौकटीत आहे, तरी खेळच वेगळा झाला. रझियाची मोटार सुरू असेल तर सविताला न लावता 200 आणि लावून 150. म्हणजे आता गप्प बसणं बरं. समतोल दोन: एक लावते, दुसरी नाही. कोण लावणार हे मात्र कोष्टक सांगत नाही, आणि भांडण नेमकं तिथेच होतं. पुढच्या वर्गासाठी तिसरा समतोलही आहे: प्रत्येकीने 5/6 संभाव्यतेने मोटार लावायची. पडताळा सोपा आहे. तेव्हा मोटार लावून सरासरी 750 चा सहावा भाग आणि 150 चे सहापैकी पाच भाग, म्हणजे 125 अधिक 125, एकूण 250. न लावताही 250. दोन्ही चाली सारख्याच, म्हणून कुणीही हलत नाही.

प्रश्न 3. मूळ कोष्टकाकडे या. खेळ रोज होतो. दोघींनी ठरवलं आहे: मोटार लावायची नाही, पण एकीने मोडलं तर दुसरीही त्यानंतर कायम लावणार. हा करार कधी टिकेल?

मोडणारीला आज 250 चा फायदा. उद्यापासून रोज 500 ऐवजी 450, म्हणजे 50 चा तोटा. तोटा फायद्याला पुरून उरायला, आजनंतर शेजार सरासरी किमान 5 दिवस टिकेल अशी अपेक्षा हवी. शेजार आणखी एक दिवस टिकण्याची शक्यता रोज 5/6 असेल तर ही सरासरी बरोबर 5 येते. त्याहून जास्त असेल तर करार भक्कम. मागच्या प्रश्नातल्या 5/6 शी याचा संबंध जोडणारे विद्यार्थी हमखास निघतात. तिथे ती मोटार लावण्याची संभाव्यता होती, इथे शेजार टिकण्याची. आकडे जुळले तो योगायोग.

पुढचा पेच: रझिया बरोबर 30 दिवसांनी घर सोडणार हे दोघींना माहीत आहे. तिसाव्या दिवशी उद्याची भीती नाही, म्हणून दोघी मोटार लावतात. मग एकोणतिसाव्या दिवशी जपण्यासारखं काही उरत नाही, आणि असं मागे येत करार पहिल्याच दिवशी कोसळतो. शेवटचा दिवस माहीत नसणं हीच इथे सहकार्याची अट आहे. शिवाय मोटार लावल्याचं कळायलाही हवं. भिंतीपलीकडचा आवाज ऐकू येत नसेल तर शिक्षेची धमकी पोकळ ठरते.

प्रश्न 4. नगरपालिकेने समतोल बदलायचा तर काय करावं? आकड्यांनी सांगा.

दंड हा एक मार्ग. मोटारीचा फायदा कोणत्याही परिस्थितीत 250 आहे, तेव्हा सरासरी दंड त्याहून जास्त हवा. कोणत्याही दिवशी तपासणीची शक्यता दहात एक असेल तर दंड 2500 लिटर पाण्याच्या किमतीहून जास्त लागेल. तपासणी वीसात एक झाली की 5000. दंडाची पाटी लावून माणूस न पाठवणाऱ्या व्यवस्थेत समतोल का हलत नाही, हे इथे दिसतं.

दुसरा मार्ग जोडणीवरच पाण्याचा प्रवाह मर्यादित करणारं फेरूल बसवण्याचा. एकटीची मोटार 800 ऐवजी किती लिटरपर्यंत अडवली म्हणजे पुरे? विद्यार्थी 500 म्हणतात. पण मोटारीचा खर्च 50 आहे, म्हणून 550 च्या आत अडवलं तरी मोटार तोट्यात जाते. 540 धरून कोष्टक पुन्हा मांडा: एकटीने लावली तर तिला 490, शेजारणीला 460. शेजारणीची मोटार सुरू असली तरी 460 हे 450 पेक्षा जास्तच. आता रेघा मारल्या की दोन्ही रेघा 500, 500 च्या चौकटीत येतात, तिथे करारही लागत नाही आणि तपासनीसही. पण सविताने गुपचूप मोठं फेरूल बसवून घेतलं आणि तिची एकटीची ओढ पुन्हा 800 झाली, तर? हे कोष्टक दोघींसाठी सारखं नाही, आणि ते विद्यार्थ्यांनी स्वतः मांडावं.