शाईच्या पट्टीचा फोटो: आधी जागा, मग रंग

काळ्या स्केचपेनचा ठिपका गाळण कागदाच्या पट्टीवर द्यायचा, पट्टीचे टोक पाण्यात बुडवायचे आणि गुलाबी, पिवळा, निळा वेगळे होताना पाहायचे. शाळेत हा प्रयोग बरीच वर्षे केला जातो. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे इथल्या शाळांतली मुले आता पट्टी वहीत चिकटवण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढतात आणि शिक्षकांना पाठवतात. त्या फोटोवरून शाईबद्दल नेमके काय सांगता येते, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

कागदावर रंग वेगळे होतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बारकाईने पाहिले. कोळशाच्या डांबरातून ॲनिलीन आणि कॉफीतून कॅफीन वेगळे करणारा हाच तो. टिपकागदावर रसायनांचे थेंब सोडले की त्यांची रंगीत वर्तुळे पसरतात. १८५५ मध्ये त्याने ती लोकांपुढे मांडली तेव्हा पुस्तकात छापील चित्रे न घालता खरे कागदच चिकटवले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्या कागदाचा रंग कोणत्याही यंत्रातून न जाता थेट वाचकाच्या डोळ्यापर्यंत पोहोचत होता. मात्र त्या वर्तुळांत मोजण्यासारखे फारसे काही नव्हते.

मोजमापाकडे जाणारी वाट १८६१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये सुरू झाली. रसायनशास्त्रज्ञ शोएनबाइन आणि त्याचा विद्यार्थी गोपेल्सरोडर यांनी थेंबांऐवजी कागदाच्या पट्ट्या द्रावणात उभ्या टांगल्या. पाणी सर्वांत वर चढते आणि त्यात विरघळलेले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर मागे राहतात, हे त्यांना दिसले. वर्तुळाची पट्टी झाल्यामुळे रंगाला पहिल्यांदा ‘उंची’ मिळाली. १९०३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने वॉर्सा इथे पानांतली रंजके बारीक पुडीने भरलेल्या नळीत वेगळी करून दाखवली. पदार्थ असे वेगळे करण्याच्या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव त्याचेच, पण कागद त्याने वापरला नव्हता.

आज शाळेत मोजला जातो तो आकडा इंग्लंडमधल्या लीड्स शहरात, लोकरीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत जन्मला. १९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांना लोकरीतली अमिनो आम्ले ओळखायची होती. ही आम्ले रंगहीन असल्यामुळे निनहायड्रिन हे रसायन फवारून त्यांचे डाग उमटवावे लागत आणि बहुतेक डाग जांभळेच दिसत. रंगावरून ओळख पटणे शक्य नव्हते, उरली ती फक्त जागा. म्हणून ठिपका दिला त्या आरंभरेषेपासून डाग किती सरकला याला विद्रावकाची आघाडी, म्हणजे कागदावर चढणाऱ्या द्रवाची पुढची कड, किती सरकली याने भागायचे, असे ठरले. हा भागाकार म्हणजे Rf. पट्टी लांब असो वा आखूड, कागद आणि विद्रावक तेच असतील तर तो जवळपास तोच येतो. यामागचा सिद्धांत मार्टिनने सिंज याच्याबरोबर १९४१ मध्ये मांडला होता आणि त्यासाठी दोघांना १९५२ चे नोबेल मिळाले.

फोटो वाचताना हाच क्रम पाळावा असे मी आग्रहाने सांगेन: आधी जागा, मग रंग. फोटो लहानमोठा केला तरी भागाकार बदलत नाही. रंग मात्र ट्यूबलाइट, खिडकीतला उजेड आणि फोनचे स्वतःचे रंगसंतुलन यांच्या हाती असतो.

एक उदाहरण घेऊ. पट्टीला लागून मोजपट्टी ठेवून फोटो काढला आहे. आरंभरेषा २० मिमीवर आणि आघाडी ११० मिमीवर, म्हणजे पाणी ९० मिमी चढले. गुलाबी पट्ट्याचा मध्य ६५ वर, म्हणून त्याचा Rf ४५ भागिले ९०, म्हणजे ०.५०. पिवळा ८० वर, म्हणजे ०.६७. निळा १०१ वर, म्हणजे ०.९०.

आता मोजपट्टी नाही आणि फोन तिरका धरला आहे, असे समजा. फोटोत पट्टीची रुंदी आरंभरेषेपाशी २२० पिक्सेल आणि आघाडीपाशी १८० पिक्सेल भरते. जवळचे टोक ताणले गेल्यामुळे पिक्सेल मोजून गुलाबीचा Rf ०.५५ येतो. प्रयोग तोच, पट्टी तीच, आणि उत्तर भलतेच. म्हणून पट्टीच्या दोन्ही कडा समांतर दिसतात का, हे सर्वांत आधी पाहावे. मोजपट्टी त्याच सपाटीवर असेल तर तीही तितकीच ताणली जाते आणि तिच्यावरचे मिलिमीटर वाचले की चूक उरत नाही.

दुसरी अडचण आघाडीची. पट्टी वाळली की पाणी कुठवर चढले होते ते दिसेनासे होते आणि मग फोटो कितीही स्पष्ट असला तरी भागायला आकडाच राहत नाही. पट्टी बाहेर काढताक्षणी आघाडीवर पेन्सिलची रेघ मारावी. पेनची नको, कारण पेनची शाईही पसरते. आपल्याकडे जुलैच्या दमट हवेत पट्टी लवकर वाळत नाही आणि ओली असेपर्यंत पट्टे पसरत राहतात. म्हणून फोटोखाली पट्टी ओली होती की वाळलेली, हे लिहिलेले असावे.

रंगाकडे वळताना पहिली नजर कोऱ्या कागदावर टाकावी. फोटोतला प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांनी बनतो, त्यांना वाहिन्या म्हणतात. कोऱ्या जागी या तिन्ही वाहिन्यांचे आकडे जवळपास सारखे नसतील तर सगळ्या फोटोवरच एका रंगाची झाक आहे. पांढऱ्या कागदावरचा फिका पिवळा डोळ्यांना सहज निसटतो. पण पिवळे रंजक निळा प्रकाश शोषते, म्हणून फोटोची फक्त निळी वाहिनी करड्या रंगात पाहिली तर तोच पट्टा गडद उठून दिसतो. हिरव्या पट्ट्याचे कोडेही असेच सुटते. निळे रंजक लाल वाहिनीत गडद दिसते. लाल आणि निळ्या वाहिनीतल्या गडद भागांचे मध्य वेगळ्या जागी पडले, तर ते एक हिरवे रंजक नव्हे, पिवळा आणि निळा एकमेकांवर चढलेले आहेत. मध्य एकाच जागी पडले तर मात्र दोन्ही शक्यता उरतात आणि पट्टी दुसऱ्या विद्रावकात पुन्हा चालवावी लागते.

ही पद्धत विरघळणाऱ्या रंजकांपुरतीच आहे. मोडी कागदपत्रांत वापरलेली काजळीची शाई पाण्यात चालवली तर ठिपका आरंभरेषेवरच राहील, कारण काजळीचे कण विरघळत नाहीत. बॉलपेनची शाईही नुसत्या पाण्याला फारशी दाद देत नाही, तिला अल्कोहोल लागते. तेव्हा फोटोत एकच काळा ठिपका जागच्या जागी दिसला तर शाईत एकच रंग आहे असे लिहू नये, आधी विद्रावक तपासावा.

आणि दोन पेनांची शाई एकच आहे का, असा प्रश्न असेल तर वेगवेगळ्या दिवशी काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून भागत नाही. दोन्ही ठिपके एकाच कागदावर, एकाच आरंभरेषेवर देऊन एकत्र चालवावे लागतात. पट्टे जुळले नाहीत तर शाया वेगळ्या, हे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. जुळले तर एवढेच, की या कागदावर आणि या विद्रावकात त्यांच्यात फरक दिसला नाही.