वर्षाच्या मध्ये फी वाढली तर हरकत कशाच्या आधारावर? मध्य प्रदेशातल्या कायद्याची पार्श्वभूमी

दिवाळीच्या आगेमागे इंदूरच्या खाजगी शाळांमधून एखादं परिपत्रक मुलांच्या डायरीत चिकटून घरी येतं. ‘विकास शुल्क’, ‘डिजिटल शुल्क’, ‘अ‍ॅक्टिव्हिटी शुल्क’, नाव काहीही असो, रक्कम पुढच्या हप्त्याबरोबर भरायची असते. मग पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्राचा मसुदा फिरू लागतो आणि त्यात बहुधा महागाई, मध्यमवर्गाचे हाल, शाळांची मुजोरी हे सगळं असतं. ते खरंच आहे. पण शिक्षण विभागाने त्या पत्रावर कारवाई करावी यासाठी जे लिहावं लागतं ते वेगळं आहे, आणि ते का वेगळं आहे हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

विनाअनुदानित शाळेने फी किती घ्यावी, हा प्रश्न बराच काळ शाळेचा खाजगी मामला मानला जाई. 2002 मध्ये टी.एम.ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की विनाअनुदानित संस्थेला आपली फी ठरवण्याचा अधिकार आहे, मात्र नफेखोरी करता येणार नाही. शाळेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवायला हरकत नाही, व्यापार नको. 2004 मध्ये मॉडर्न स्कूल प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. दिल्लीच्या शिक्षण संचालकांना फीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आहे, आणि फीचा पैसा त्या शाळेच्याच कामी लागला पाहिजे, असं त्यात म्हटलं. तरी तो निकाल दिल्लीच्या शिक्षण कायद्यावर उभा होता. इंदूरच्या पालकाला त्याचा दाखला देता येई, पण ‘या कलमाखाली कारवाई करा’ असं म्हणायला इथे राज्याचा स्वतंत्र फी कायदाच नव्हता. जिल्हा शिक्षण अधिकारी शाळेला समज देत आणि प्रकरण तिथेच विरत असे.

मध्य प्रदेश विधानसभेने डिसेंबर 2017 मध्ये ‘निजी विद्यालय (फीस तथा संबंधित विषयों का विनियमन)’ हा कायदा संमत केला. त्याचे नियम मात्र डिसेंबर 2020 मध्ये आले. मधली ही तीन वर्षं पालकांची अक्षरशः वाया गेली असं माझं मत आहे, कारण कायदा होता पण तो राबवण्याची रीत ठरलेली नव्हती. त्यातच कोरोना आला. शाळा बंद, बस बंद, तरी फी पूर्ण. 4 नोव्हेंबर 2020 रोजी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की त्या काळात शाळांनी फक्त शिकवणी शुल्क घ्यावं. फी म्हणजे एक अखंड रक्कम नाही, तिची शीर्षकं असतात आणि प्रत्येक शीर्षकाचा हिशोब मागता येतो, हे त्या निकालानंतर इथल्या पालकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

कायद्याची मुख्य कल्पना साधी आहे. शाळेने नवं सत्र सुरू होण्याच्या 90 दिवस आधी आपले हिशोब आणि प्रस्तावित फी जिल्हा समितीपुढे ठेवायची. सत्र 1 एप्रिलला सुरू होत असेल तर ही तारीख 1 जानेवारीच्या सुमारास येते. मागच्या वर्षाच्या फीपेक्षा 10 टक्क्यांपर्यंतची वाढ शाळा स्वतः करू शकते. 10 ते 15 टक्के हवी असेल तर जिल्हा समिती ठरवते, आणि 15 टक्क्यांच्या वर प्रकरण राज्य समितीकडे जातं. जिल्हा समितीचे अध्यक्ष कलेक्टर आणि सदस्य-सचिव जिल्हा शिक्षण अधिकारी. म्हणजे फी वाढवण्याची वेळ वर्षातून एकदाच येते आणि तीही सत्राच्या आधी. ऑक्टोबरमधली वाढ बेकायदेशीर म्हणायची ती यामुळे. रक्कम लहान की मोठी हा नंतरचा प्रश्न.

लोकमान्यनगरातल्या एका पालकांचं पत्र लिहायला मी बसलो होतो, त्यातला हिशोब इथे देतो. मागच्या वर्षी फी 48,000 रुपये होती. या एप्रिलला ती 51,500 झाली. वाढ 3,500 रुपयांची, म्हणजे साधारण 7.3 टक्के, त्यात गैर काही नाही. ऑक्टोबरमध्ये ‘विकास शुल्क’ म्हणून 4,000 आणखी मागितले. शाळेच्या ऑफिसमध्ये त्यांना सांगितलं गेलं, ‘ही तर आठ टक्केसुद्धा नाही, दहाच्या आत आहे.’ 51,500 वर 4,000 म्हणजे 7.8 टक्के, हे आकड्यापुरतं बरोबर आहे. पण कायदा टक्केवारी मागच्या वर्षाच्या फीवर काढायला सांगतो. 48,000 वरून 55,500, म्हणजे वाढ 7,500 रुपये, 15.6 टक्के. दहाच्या आत म्हणून सांगितलेली वाढ प्रत्यक्षात राज्य समितीच्या दारात जाऊन पोचते. पत्रात आम्ही हे चार आकडे एकाखाली एक लिहिले, दोन्ही वर्षांच्या फीच्या पावत्या आणि परिपत्रकाची झेरॉक्स जोडली, आणि एकच प्रश्न विचारला: ही वाढ सत्रापूर्वी समितीपुढे कधी ठेवली होती? महागाईचा परिच्छेद त्यांच्या आग्रहाने शेवटी राहिला.

पत्ता चुकला की पत्र फिरतच राहतं. अनेक पालक सीबीएसईला लिहितात. बोर्डाचे संलग्नता-नियमच फीच्या बाबतीत राज्याच्या कायद्याकडे बोट दाखवतात. पत्र ‘अध्यक्ष, जिल्हा समिती, मार्फत जिल्हा शिक्षण अधिकारी’ असं काढावं, हिंदीत, आणि त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या पालकाच्या सहीने. मोती तबेल्यातल्या कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई असते, तिथेही ते देता येतं. प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नये. समिती जादा घेतलेली फी परत करायला सांगू शकते आणि दंडही करू शकते. पहिल्या वेळी 2 लाखांपर्यंत, दुसऱ्यांदा 4, पुढे 6.

हे अधिकार कागदावरचेच आहेत असं वाटत असलेल्यांना मे 2024 मध्ये जबलपूरने उत्तर दिलं. तिथल्या जिल्हा प्रशासनाने 11 शाळांच्या चालकांवर, काही पुस्तक विक्रेत्यांसह, मनमानी फीवाढ आणि पुस्तकांतल्या संगनमताबद्दल गुन्हे दाखल केले आणि फी परत करण्याचे आदेश निघाले. शाळा उच्च न्यायालयात गेल्या. त्यामुळे आदेश निघाला म्हणजे पैसे हातात आले असं पालकांनी धरू नये. पण समितीने हिशोब तपासायला घेतले की काय निघतं ते राज्याने पाहिलं.

डिसेंबर 2024 मध्ये विधानसभेने दुरुस्ती केली. वार्षिक फी 25,000 रुपयांपर्यंत असलेल्या शाळा या कायद्यातून बाहेर गेल्या आणि बसचं भाडं वार्षिक फीचाच भाग मानलं गेलं. पहिला बदल मला पटत नाही. लहान वस्त्यांतल्या शाळांमध्ये बाराशे रुपये जास्त मागितले तरी घरचं गणित कोलमडतं, आणि तिथल्या पालकालाच आता हा रस्ता बंद झाला. दुसरा उपयोगाचा आहे, कारण फी तशीच ठेवून बस-भाड्यात वाढ ढकलायची वाट त्याने अरुंद होते. म्हणून आज पत्र लिहिताना पहिल्या ओळीतच शाळेची एकूण वार्षिक फी लिहावी, म्हणजे कायदा लागू आहे की नाही हा वाद सुरुवातीलाच मिटतो.

एक गोष्ट पालक विसरतात. वाद फक्त वाढीव रकमेचा असतो, तेव्हा एप्रिलमध्ये ठरलेला हप्ता वेळेवर भरावा आणि भरल्याचं पत्रात नमूद करावं. नाहीतर सुनावणीत शाळा फी थकबाकीचा मुद्दा पुढे करते, आणि मूळ तक्रार, म्हणजे ऑक्टोबरचं परिपत्रक, बाजूलाच राहतं.