सौर इन्व्हर्टरचे निरीक्षण अ‍ॅप (परभाषेतील स्क्रीनचे वाचन)

छतावरील सौर पॅनेल, घरातील वापर, बॅटरी आणि ग्रिड यांच्यातील विजेची देवाणघेवाण मोबाइलवर दाखवणारे साधन. इन्व्हर्टरला लावलेला डेटा लॉगर वायफायवरून आकडे कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि अ‍ॅप ते तिथून घेते. बरेच इन्व्हर्टर चिनी बनावटीचे असल्यामुळे मजकूर इंग्रजीत, काही वेळा चिनीत असतो. तरीही मुख्य स्क्रीनवर अक्षरे थोडीच असतात. बाकी सारे चित्र, बाण, आकडे आणि चिन्हे. त्यामुळे भाषा न येणाऱ्यालाही ही स्क्रीन बऱ्यापैकी वाचता येते. या नोंदीत डेये कंपनीच्या एक-फेज हायब्रिड इन्व्हर्टरचे उदाहरण घेतले आहे. इतर कंपन्यांचे कोड आणि चिन्हांचे नियम वेगळे असतात.

प्रवाहाच्या स्क्रीनवर मधोमध इन्व्हर्टर आणि भोवती चार चित्रे असतात: पॅनेल, विजेचा खांब किंवा मनोरा, घर आणि बॅटरी. चिनी स्क्रीनवर त्यांच्याजवळ अनुक्रमे 光伏, 电网, 负载 आणि 电池 असे लिहिलेले असते. वीज ज्या दिशेने जाते त्या दिशेने रेषेवरचे ठिपके सरकतात. पण सरकत्या ठिपक्यांपेक्षा आकड्यामागचे चिन्ह जास्त भरवशाचे. डेयेच्या इन्व्हर्टरच्या स्वतःच्या स्क्रीनवर पॅनेल आणि घर यांचे आकडे नेहमी धन असतात. बॅटरीचा आकडा उणे असेल तर ती चार्ज होते आहे, धन असेल तर ती वीज देते आहे. ग्रिडचा आकडा धन असेल तर वीज बाहेरून येते आहे, उणे असेल तर बाहेर जाते आहे. व्हिक्ट्रॉनच्या उपकरणांत मात्र बॅटरीचा धन प्रवाह म्हणजे चार्जिंग, अगदी उलट. अ‍ॅपमध्ये काही वेळा चिन्ह दाखवतच नाहीत, तेव्हा बाण पाहावा लागतो.

कोणता आकडा कशाचा, ही शंका बेरजेने फिटते. पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड यांचे आकडे चिन्हांसकट मिळवले की घरचा वापर आणि थोडी घट एवढे उत्तर यायला हवे. समजा, दुपारी पॅनेल २.१० किलोवॅट, घर ०.८५, बॅटरी उणे १.२० आणि ग्रिड शून्य आहे. २.१० मधून १.२० गेले, उरले ०.९०. घरचे ०.८५ वजा केल्यावर राहिलेले ०.०५ किलोवॅट, म्हणजे ५० वॅट, इन्व्हर्टरच्या स्वतःच्या वापरात आणि रूपांतरात गेले. हिशेब जुळला. उत्तर पाच-सातशे वॅटनी चुकत असेल, तर एखादे चिन्ह उलटे वाचले आहे किंवा मोजमाप चुकते आहे. मात्र चारही आकडे एकाच वेळचे हवेत. लॉगर साधारण दर पाच मिनिटांनी माहिती पाठवतो, म्हणून पंप सुरू करून लगेच अ‍ॅप पाहण्यात अर्थ नाही; इन्व्हर्टरवरची स्क्रीन पाहावी.

चुकीच्या मोजमापाचे नेहमीचे कारण म्हणजे मीटरजवळच्या वायरभोवती अडकवलेला, प्रवाह मोजणारा सेन्सर म्हणजे सीटी उलटा बसणे. मग ग्रिडचे चिन्हच उलटते आणि अ‍ॅप घेतलेली वीज विकलेली म्हणून दाखवते. तपासायची रीत सोपी आहे. रात्री इन्व्हर्टरमागच्या नव्हे, थेट मीटरकडच्या लाइनवर असलेला २ किलोवॅटचा गीझर लावावा. ग्रिडचा आकडा सुमारे २ ने धन बाजूला वाढला तर सीटी बरोबर. उणे बाजूला गेला तर उलटा. अ‍ॅपमधली ‘विक्री’ आणि महावितरणच्या नेट मीटरची नोंद यांच्यातली तफावत पुष्कळदा येथून येते. बिल मात्र मीटरप्रमाणेच येते.

बॅटरीजवळचा टक्का हे मोजमाप नसून अंदाज असतो. लिथियम बॅटरीवर नजर ठेवणारे तिच्यातील सर्किट म्हणजे बीएमएस. तो आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजत हा अंदाज बांधतो आणि केबलवरून इन्व्हर्टरला कळवतो. १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात ५२–५३च्या आसपासच रेंगाळतो, त्यामुळे व्होल्टेजवरून टक्का ओळखणे फसवे ठरते. संपर्क नसताना ‘Use Batt V’ या पद्धतीवर चालणारा इन्व्हर्टर व्होल्टेजलाच प्रमाण मानतो. पावसाळ्यात बरेच दिवस बॅटरी पूर्ण भरली नाही तर बीएमएसचा हिशेबही हळूहळू सरकतो. एकदा शंभर टक्के भरू दिली की तो पुन्हा जागेवर येतो.

टक्क्यावरून रात्रीचा हिशेब असा: ५१.२ व्होल्ट, १०० अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीत ५.१२ युनिट मावतात. SOC म्हणजे बॅटरीजवळचा हा टक्का ६० असेल आणि २० टक्क्यांवर थांबायचे असेल, तर हाताशी ४० टक्के म्हणजे सुमारे २.०५ युनिट. बॅटरीचा आकडा ०.६२ किलोवॅट असेल तर सव्वातीन तास. भाग देताना घराच्या आकड्याने देऊ नये, बॅटरीच्या आकड्याने द्यावा, कारण घट त्यातच धरलेली असते.

सेटिंगमध्ये Shutdown म्हणजे पुरवठा बंद, Low Batt म्हणजे बॅटरी कमी झाल्याचा इशारा आणि Restart म्हणजे पुरवठा पुन्हा सुरू, असे तीन टक्के दिसतात. माहितीपुस्तिकेतील नमुना १०, २० आणि ४० असा आहे. तिसऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही आणि घोटाळा तिथेच होतो. बॅटरी १० टक्क्यांवर जाऊन पुरवठा बंद पडला, ग्रिडही नाही आणि सकाळी ऊन आले, तरी बॅटरी ४० टक्के भरेपर्यंत घरात दिवे लागत नाहीत. पॅनेल चालू आणि घर अंधारात, हे पाहून लोक तंत्रज्ञाला बोलावतात. यंत्र मात्र सांगितल्याप्रमाणेच वागत असते.

अलार्मच्या यादीत शब्दांआधी कोड पाहावा, कारण भाषा बदलली तरी तो बदलत नाही. चिनीत 告警 म्हणजे इशारा, 故障 म्हणजे बिघाड आणि 离线 म्हणजे लॉगरचा संपर्क तुटलेला. शेवटच्यात इन्व्हर्टर व्यवस्थित चालूही असू शकतो. F35 म्हणजे ग्रिडची वीज नाही. भारनियमनात तो येतो आणि वीज आली की जातो, त्याला बिघाड म्हणू नये. F58 म्हणजे बीएमएसशी संवाद तुटला. आधी केबल आणि बॅटरीचा निवडलेला प्रकार पाहावा. F64 म्हणजे इन्व्हर्टरची उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक तापला, तेव्हा हवा खेळण्यासाठी ठेवलेली जागा तपासावी. F24 गंभीर आहे: पॅनेलकडच्या वायरींचे इन्सुलेशन कमी पडते आहे. पावसानंतर सकाळी हा कोड येतो आणि ऊन पडल्यावर जातो, असे दोन-तीनदा घडले तर ओल शिरलेल्या कनेक्टरचा किंवा सोललेल्या वायरचा संशय घ्यावा. तो आपोआप गेला म्हणून सोडून देऊ नये. पॅनेलची डीसी बाजू उन्हात कायम जिवंत असते, म्हणून कनेक्टर स्वतः उघडण्याऐवजी तंत्रज्ञाला बोलवावे.

कोडची वेळ पाहताना अ‍ॅपमधले वेळक्षेत्रही तपासावे. नोंदणी करताना ते चीनचे राहिले असेल तर सर्व नोंदी अडीच तास पुढच्या दिसतात. निरभ्र दिवसाचा आलेख साडेबाराऐवजी तीनच्या सुमारास शिखर गाठतो. अशा अ‍ॅपमध्ये सकाळी सातचा F24 साडेनऊचा म्हणून नोंदलेला असतो आणि दवाचा किंवा ओलीचा संशयच येत नाही.